पाळी अनियमित असेल तर बाळंतपणाची तारीख कुठून आली?

(गरोदर महिला, त्यांचे कुटुंबीय आणि आशाताई यांच्यासमोर एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या कार्डावर बाळंतपणाची जी तारीख लिहिलेली असते, ती बहुतेक वेळा शेवटच्या पाळीवरून काढलेली असते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे. हा हिशेब एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने रूढ झाला आणि आजही तोच चालतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज बाहेर पडतं.

ज्या बाईची पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येते, तिचं काय? बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो आणि तो फारसा बदलत नाही. लांबतो तो त्याआधीचा काळ. म्हणजे ४२ दिवसांच्या पाळीत बीज चौदाव्या दिवशी नाही, अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं. गर्भ राहतो तो तेव्हा. कार्डावरचा हिशेब मात्र दोन आठवडे आधीपासून धावत असतो. पीसीओडी असलेल्या, नुकत्याच गर्भनिरोधक गोळ्या बंद केलेल्या, किंवा अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहिलेल्या बायकांच्या बाबतीत हे नेहमी घडतं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. समजा एका बाईची शेवटची पाळी ६ जानेवारी २०२५ ला आली. पाळी चाळीस-पंचेचाळीस दिवसांची. पाळीच्या हिशेबाने तारीख निघते १३ ऑक्टोबर. २४ फेब्रुवारीला ती सोनोग्राफीला गेली. हिशेबाने सात आठवडे पूर्ण झालेले, म्हणजे बाळ दिसायला हवं, ठोके दिसायला हवेत. प्रत्यक्षात गर्भाशयात फक्त छोटी पिशवी दिसली, आत काही नाही.

इथे घरात रडारड होते. ‘पिशवी रिकामी आहे, बाळ वाढलं नाही, साफ करून घ्या’ असं कुणीतरी सांगतं. माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे, एवढ्यावर घाई करू नका. पाच आठवड्यांचा गर्भ अगदी असाच दिसतो. गर्भ खुंटला आहे असं एकाच तपासणीवर म्हणायला माप लागतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि तरी आत गर्भ नाही, किंवा गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि तरी ठोके नाहीत. माप याहून कमी असेल तर दहा-चौदा दिवस थांबून पुन्हा बघायचं. मधल्या काळात खूप रक्तस्राव झाला, पोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर मात्र न थांबता दवाखाना गाठायचा.

आपली बाई १० मार्चला पुन्हा आली. बाळ दिसलं, ठोकेही दिसले आणि डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी भरली १० मिलिमीटर. रिपोर्टमध्ये हिला सीआरएल म्हणतात. १० मिलिमीटर म्हणजे साधारण सात आठवडे. पाळीच्या हिशेबाने त्या दिवशी नऊ आठवडे होते. चौदा दिवसांची तफावत. म्हणून तारीख बदलली आणि नवी तारीख झाली २७ ऑक्टोबर. बाळ दोन आठवडे मागे पडलेलं नाही. ते राहिलंच दोन आठवडे उशिरा.

या लांबीवर एवढा भरवसा का ठेवायचा? १९७३ मध्ये ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी हे माप पद्धतशीर मांडलं. पहिल्या तिमाहीत सगळी बाळं जवळपास सारख्याच वेगाने वाढतात, मग आई उंच असो की बुटकी. सुरुवातीला रोज साधारण एक मिलिमीटर. त्यामुळे माप एक-दोन मिलिमीटर चुकलं तरी तारखेत एक-दोन दिवसांचाच फरक पडतो. बाळ वाकलेलं असताना मोजलं किंवा शेजारची पीतक पिशवी मापात धरली, तर आकडा फसतो, म्हणून नीट सरळ दिसेल तेव्हा दोन-तीनदा मोजून सरासरी घेतात. नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त आणि त्यानंतर चौदा आठवड्यांपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त फरक असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची, असा सर्वसाधारण नियम आहे. पाळीची तारीखच आठवत नसेल तर प्रश्नच नाही, सोनोग्राफीचीच धरायची.

पुढे हा भरवसा कमी होत जातो. बालवाडीतली मुलं उंचीला जवळपास सारखी असतात, दहावीच्या वर्गात कुणी खांद्याला लागतं, कुणी कमरेला. पोटातल्या बाळांचंही तसंच. शेवटच्या तिमाहीत मापावरून काढलेलं वय तीन आठवड्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतं.

आणि नेमका इथेच घोटाळा होतो. आपली बाई १ सप्टेंबरला वाढ बघायला सोनोग्राफीला गेली. खऱ्या हिशेबाने ३२ आठवडे पूर्ण. बाळाची मापं मात्र २९ आठवड्यांची. मशीन त्या मापांवरून स्वतःच नवी तारीख छापून देतं, १७ नोव्हेंबर. कार्डावर आता तीन तारखा झाल्या. घरचे म्हणतात, ‘चला, अजून वेळ आहे.’ तो कागद खरा मानला, तर बाळ २९ आठवड्यांचं आणि अगदी व्यवस्थित आहे असं वाटेल. २७ ऑक्टोबर धरली, तर तेच बाळ तीन आठवडे लहान आहे, म्हणजे त्याला वारेतून पुरेसं पोषण पोचतंय का हे डॉपलरने, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, लगेच बघायला हवं. पहिली तारीख खोडली की आजारी बाळ कागदावर निरोगी दिसतं. म्हणून पहिल्या तिमाहीतल्या चांगल्या सोनोग्राफीने तारीख एकदा ठरली की पुढच्या कुठल्याही रिपोर्टने ती बदलायची नाही. पुढची सोनोग्राफी वाढ सांगते, वय सांगत नाही.

याची उलट बाजूही आहे. कार्डावर १३ ऑक्टोबरच राहिली असती, तर २० ऑक्टोबरला ‘एक्केचाळीस आठवडे झाले’ म्हणून कळा आणायची औषधं सुरू झाली असती. बाळ तेव्हा ३९ आठवड्यांचंच.

आशाताईंना मुद्दाम सांगते. कार्डावर तारीख लिहिताना ती पाळीची की सोनोग्राफीची हे बाजूला लिहा, आणि सोनोग्राफीची असेल तर तपासणीचा दिवस आणि सीआरएलचा आकडाही लिहा. पुढच्या डॉक्टरला तेवढं पुरतं. आणि पाळी किती दिवसांनी येते हे विचारल्याशिवाय शेवटच्या पाळीची तारीख लिहू नका. दिवस राहिल्यावर पडलेला थोडासा डागसुद्धा पुष्कळ बायका पाळी म्हणून सांगतात, तेव्हा रक्तस्राव नेहमीसारखा होता का, हेही विचारा.

एखादी बाई पाचवा-सहावा महिना उलटल्यावरच पहिल्यांदा आली तर? तेव्हा आहे त्या मापांवरून अंदाजे तारीख धरतो आणि रिपोर्टवर ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहितो. मग तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. मधल्या तीन आठवड्यांत बाळ तीन आठवड्यांइतकं वाढलं असेल, तर अंदाज बहुधा बरोबर आहे. कमी वाढलं असेल तर वय कमी आहे असं न समजता, वाढ कुठे अडतेय ते शोधायचं.