चावी फिरवण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

चित्रपटासाठी गीत लिहिणाऱ्याला सगळ्यात आधी काय मिळते, असे विचारले तर बहुतेक जण ‘कथा’ म्हणतील. पुष्कळदा मिळतात त्या दोनच गोष्टी. दिग्दर्शकाने तोंडी सांगितलेला प्रसंग, ज्याला या धंद्यात ‘सिच्युएशन’ म्हणतात, आणि संगीतकाराची तयार चाल. शब्द सर्वांत शेवटी येतात. गीतरामायणासाठी माडगूळकरांनी शब्द आधी लिहिले आणि बाबूजींनी मागाहून चाली बांधल्या, म्हणून तीच रीत खरी आणि चालीवर लिहिणे म्हणजे कमअस्सल काम, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. जात्यावर बसणाऱ्या बायकांना ओवीची चाल आईकडून आयती मिळालेली असे, आणि त्या चालीत त्यांनी काय काय बसवले हे आपण जाणतोच.

आज मी तुम्हांला एकाच ओळीची हकिकत सांगणार आहे, कारण तिच्यात हा सारा खटाटोप येतो. काही वर्षांपूर्वी इथे इंदुरात एक लहानसा मराठी चित्रपट होत होता. प्रसंग असा होता : राजवाड्यामागचा जुना वाडा विकला गेला आहे, सकाळी किल्ल्या नव्या मालकाच्या हाती द्यायच्या आहेत, आणि घरातली म्हातारी आदल्या संध्याकाळी तुळशीला शेवटचे पाणी घालून एकटीच खोल्याखोल्यांतून फिरते. संगीतकार म्हणजे रामबागेत पेटी शिकवणारे आमचे मास्तर. चाल केरवा तालात होती. चालीचे वजन गीतकाराच्या कानात राहावे म्हणून संगीतकार तिच्यावर काहीतरी निरर्थक शब्द म्हणून दाखवतो, त्यांना ‘डमी’ म्हणतात. मास्तरांनी पेटी ओढली आणि अत्यंत करुण स्वरात म्हटले, “गरम जलेबी पोहे वरती.” इंदूरच्या माणसाला सकाळी नऊ वाजता दुसरे काय सुचणार? (जिलबी आधी आणि पोहे नंतर खाणाऱ्यांविषयी माझे मत वेगळे आहे, पण ते असो.)

या डमीकडे नीट पाहा. ‘गरम जलेबी’ मध्ये आठ मात्रा आहेत आणि केरव्याचे आवर्तनही आठ मात्रांचे आहे. ग, र, म, ज ही चार अक्षरे लघू, एकेका मात्रेची. मग ‘ले’ आणि ‘बी’ ही दोन गुरू, दोन-दोन मात्रांची. पाचव्या मात्रेवर, म्हणजे जिथे केरव्याची ‘खाली’ ही बिनजोराची जागा येते तिथे, मास्तरांची चाल एकदम तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, चढत होती आणि ‘ले’ तिथे दोन मात्रा ठेवलेला होता. म्हणजे मला हवी होती चार लघू अक्षरे आणि मग दोन गुरू. पुढच्या अर्ध्यात ‘पोहे वरती’ : दोन गुरू, दोन लघू, एक गुरू.

मी घरी जाऊन मोठ्या समाधानाने लिहिले, “तुळस अंगणी”. बोटांवर मोजले, तर मात्रा आठ आणि अक्षरेही सहा. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते गाऊन दाखवले आणि तालमीतली मुले हसू लागली, कारण ऐकू आले ते असे : “तुळस अं… गाऽणी”. कोणती गाणी? झाले असे होते की ‘अंगणी’ मधला ‘अं’ गुरू आहे आणि तो पडला होता चौथ्या मात्रेच्या आखूड सुरावर, तर बिचारा लघू ‘ग’ जाऊन बसला होता तार षड्जावर. बेरीज बरोबर होती, जागा चुकली होती. श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो, कारण नवीन लिहिणारा हमखास इथेच फसतो : मात्रांची बेरीज बरोबर येऊनही शब्द चालीत बसत नाही. गुरू अक्षर चालीच्या लांब सुराखालीच यावे लागते. चूक ओळखण्याचा उपायही सोपा आहे : ओळ वाचू नये, चालीत म्हणावी, आणि ती लिहिलेली न पाहणाऱ्या माणसाला काय ऐकू आले ते विचारावे.

त्यातच दिग्दर्शकाने दुसरी हरकत घेतली. “तुळस तर मी पडद्यावर दाखवतोच आहे,” तो म्हणाला, “तुम्ही तीच पुन्हा कशाला सांगता?” ही हरकत मला मात्रांपेक्षा अधिक लागली. कवितेत तुळस लिहिल्याशिवाय दिसत नाही, चित्रपटात ती आधीच दिसते, आणि मग शब्दांनी जे दिसत नाही ते सांगायचे असते.

दुसरा प्रयत्न मी असा केला : “वळुन बघूनी मागे फिरले.” आता प्रत्येक अक्षर आपापल्या जागी होते. तरी गाणाऱ्या बाई तिसऱ्यांदा म्हणताना थांबल्या. तार षड्जावर ‘घू’ आला होता. ‘ऊ’ म्हणताना ओठ आवळले जातात, आवाज कोंडल्यासारखा बारीक होतो, आणि त्याच्याआधी ‘घ’ चा हिसका बसतो. उंच स्वरावर टिकायचे असेल तर गळा उघडणारा ‘आ’ गाणाऱ्याला सोयीचा पडतो. शिवाय खरा शब्द ‘बघुनी’ असा आहे, मी चालीसाठी त्याचा ‘घू’ ओढून लांब केला होता, आणि अशी ओढाताण कानाला लगेच कळते.

चार दिवस काही सुचले नाही. एका संध्याकाळी आम्ही शेजारीच जायला निघालो असताना मी दाराला कुलूप घालू लागलो, तशी आमची काकू आतून म्हणाली, “अरे, उगीच कशाला चावी फिरवतोस? मी आहे ना घरात.” मी तसाच उभा राहिलो. ‘उगीच’ चे कवितेत ‘उगिच’ चालते. उ, गि, च, क हे चार लघू, मग ‘शा’ आणि ‘ला’ हे दोन गुरू, आणि तार षड्जावर लख्ख ‘आ’. “उगिच कशाला चावी फिरवू.” मास्तरांची एकही जागा हलवावी लागली नाही. ही ओळ म्हातारीच्या तोंडी शोभणारी होती, आणि तिच्यात वाडा, विक्री, अश्रू यांतले एकही अक्षर नव्हते.

मग अंतऱ्यांचे काम उरले. अंतऱ्याची शेवटची ओळ ऐकणाऱ्याला पुन्हा मुखड्यावर आणून सोडते, म्हणून तिचे यमक मुखड्याशी जुळावे लागते. ‘फिरवू’ ला माझ्याजवळ मिरवू, ठरवू, हरवू असे मोजकेच शब्द होते. मुखडा बांधताना यमकाचा साठा मोजून घ्यावा हे मी त्या वेळी शिकलो. ‘मिरवू’ त्या प्रसंगात शोभेना आणि ‘ठरवू’ पहिल्या अंतऱ्यात खर्ची पडला. दुसऱ्या अंतऱ्यासाठी लिहिले, “सवय पुराणी कोठे हरवू”. ही ओळ मला मुखड्यापेक्षाही आवडली होती.

चित्रीकरणाच्या दिवशी मी वाड्यात हजर होतो. गाणे ध्वनिक्षेपकावर सुरू होते, त्या ज्येष्ठ अभिनेत्री दाराशी आल्या, ओठ “उगिच कशाला चावी फिरवू” म्हणत होते, आणि हाताने मात्र त्यांनी कुलुपात चावी घालून ती फिरवली. सगळ्यांना वाटले, चुकले. दिग्दर्शक काही बोलला नाही, त्याने तोच शॉट ठेवला. महिन्याभराने संकलनाच्या वेळी त्याने मला बोलावून दुसरा अंतरा काढून टाकत असल्याचे सांगितले, कारण पुराणी सवय आता पडद्यावर दिसत होती.

नमस्कार.