ताजबागचा उरूस आणि हिजरी सनाचं गणित

मंडळी, नमस्कार. ताजबागचा उरूस नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. ज्यांचा हा उरूस, ते बाबा ताजुद्दीन १७ ऑगस्ट १९२५ ला गेले. त्या दिवशीची हिजरी तारीख होती २६ मुहर्रम १३४४, आणि उरूस दरवर्षी २६ मुहर्रमलाच होतो. आता २०२२ साल आठवा. त्या वर्षी २६ मुहर्रम १४४४ आला. १३४४ ते १४४४, म्हणजे बरोबर शंभर वर्षं. पण २०२२ मधून १९२५ वजा करा, हातात येतात फक्त सत्त्याण्णव. तीन वर्षांचा हा फरक आला कुठून, तिथूनच आज सुरुवात करतो.

हिजरी वर्ष चंद्राचं. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस आणि वर साधारण नऊ तास होतात. इसवी सनाचं वर्ष ३६५ दिवस आणि वर सहा तासांच्या आत-बाहेर. फरक जवळजवळ अकरा दिवसांचा. आता शंभर हिजरी वर्षांचे दिवस मोजू. ते होतात ३५,४३७. १७ ऑगस्ट १९२५ पासून १७ ऑगस्ट २०२२ पर्यंतचे दिवस मोजा, मधली चोवीस लीप वर्षं धरून, ते भरतात ३५,४२९. उरले आठ दिवस. १७ ऑगस्टच्या पुढे आठ दिवस म्हणजे २५ ऑगस्ट. आणि २०२२ ला आपल्याकडे २६ मुहर्रम २५ ऑगस्टलाच होता. दर वर्षाचे अकरा-अकरा दिवस साठत गेले आणि शंभर वर्षांत त्यांची तीन वर्षं झाली.

आता कोणी म्हणेल, आपलं पंचांगसुद्धा चंद्राचंच, मग पोळा का नाही असा मागे मागे सरकत? सरकतो की. २०२२ ला पोळा २६ ऑगस्टला होता. म्हणजे त्या वर्षी २५ ला उरूस, २६ ला पोळा आणि २७ ला मारबतीची मिरवणूक, सगळं एकापाठोपाठ. त्यानंतरचं वर्ष पाहा. २०२३ ला २६ मुहर्रम आला १४ ऑगस्टला, हिशोबाप्रमाणे अकरा दिवस अलीकडे. पोळा मात्र गेला थेट १४ सप्टेंबरला. शेजारी असलेल्या दोन दिवसांत एका वर्षात महिन्याचं अंतर पडलं, कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता. आपलं पंचांगही तेच अकरा दिवस गमावतं, पण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास टाकून ते भरून काढतं. हिजरी सनात अधिक मास नाही. त्यामुळे त्याचे महिने सगळ्या ऋतूंतून फिरत राहतात. २०१८ ला रमजान मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता, नागपूरच्या ऐन उन्हाळ्यात. २०२६ ला तो फेब्रुवारीत सुरू होतो.

हे फिरणं किती वर्षांत पुरं होतं? तेहतीस हिजरी वर्षांचे दिवस बत्तीस इसवी वर्षांपेक्षा फक्त सहाने जास्त भरतात. म्हणून जुनी माणसं तोंडी हिशोब करताना ३३ चा आकडा धरतात. हिजरी सनाला ३३ ने भागायचं, आलेला भागाकार त्या सनातून वजा करायचा आणि ६२२ मिळवायचे. ६२२ का, तर हिजरी सन इसवी ६२२ च्या जुलैत सुरू होतो. बाबांच्या सनावर करून पाहू. १३४४ भागिले ३३, आले ४०.७. वजा केले, राहिले १३०३.३. त्यात ६२२ मिळवले, झाले १९२५.३. साल बरोबर आलं.

पण हा हिशोब फक्त अंदाजाचा आहे, आणि त्यातल्या दशांशावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. हिजरी १४२९ घ्या. या रीतीनं येतं २००७.७, म्हणजे माणूस २००७ लिहून मोकळा होईल. प्रत्यक्षात १४२९ सुरू झालं १० जानेवारी २००८ ला आणि त्याच डिसेंबरात संपलंही. अख्खं हिजरी वर्ष एका इसवी सालाच्या पोटात बसलं, आणि आपण मात्र आदलं साल लिहिलं. ३३ ऐवजी नेमकं गुणोत्तर घेतलं की ही चूक टळते. ते असं:

इसवी = हिजरी × ०.९७०२२४ + ६२१.५७७४

०.९७०२२४ म्हणजे चंद्राचं वर्ष भागिले सूर्याचं वर्ष, बाकी काही नाही. या सूत्रातून जे निघतं तो त्या हिजरी वर्षाचा पहिला दिवस, १ मुहर्रम. इथला दशांश मात्र उपयोगाचा आहे. १३४४ घातलं की येतं १९२५.५५८. .५५८ ला ३६५ ने गुणलं की जवळपास २०४, आणि वर्षाचा २०४ वा दिवस म्हणजे २३ जुलै. त्यात २५ दिवस मिळवले की २६ मुहर्रम येतो १७ ऑगस्टला. इथे तारीख तंतोतंत जुळली, पण दर वेळी जुळेलच असं समजू नका. एखाद-दुसरा दिवस इकडेतिकडे होतोच. महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि ढग असले तर एक दिवस पुढे जातो. शिवाय हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, मध्यरात्रीला नाही. गुरुवारी संध्याकाळी कोणी गेलं तर हिजरी तारीख शुक्रवारची पडते. त्यामुळे दिवसापर्यंत पोचायचं असेल तर कागदावर वार लिहिला आहे का ते पाहा. तारखेला वाराची जोड मिळाली की एका दिवसाचा संशय फिटतो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती फार जण करतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या कबरीवरचा लेख उतरवून घेत होतो. दगड झिजलेला, अक्षरांत चुना बसलेला. ओला फडका फिरवून उन्हाच्या तिरीपीत पाहिलं तेव्हा आकडे उमटले: १३४४. वर महिना होता, रमजान. मी वहीत लिहिलं, ‘इ. स. १९२५’. घरच्या लोकांकडे मृत्यूचा दाखला होता, त्यावर साल होतं १९२६. मी त्यांना ठासून सांगितलं की दाखल्यात चूक आहे, दगड खोटं कसं बोलेल? घरी येऊन महिने मोजले तेव्हा कळलं. १३४४ सुरू झालं जुलै १९२५ मध्ये आणि संपलं जुलै १९२६ मध्ये. रमजान हा नववा महिना. मुहर्रमपासून आठ महिने, म्हणजे २३६ दिवस ओलांडले की १ रमजान येतो मार्च १९२६ च्या मध्याला. दगडही खरा होता आणि दाखलाही. चूक माझी होती. मी त्यांच्याकडे परत जाऊन तसं सांगितलं.

तेव्हापासून नियम केला आहे. महिना माहीत नसेल तर एकच इसवी साल लिहायचं नाही, १९२५-२६ असं जोडसाल लिहायचं. महिना माहीत असेल तर १ मुहर्रमपासून एकाआड एक ३० आणि २९ दिवस मोजत त्या महिन्यापर्यंत जायचं आणि मगच साल ठरवायचं. इतकं मोजायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता आपल्या नागपूरकर भोसल्यांच्या कागदांकडे येतो. इथे यापेक्षा मोठी चूक होते, एका वर्षाची नाही तर दहा-तेरा वर्षांची. मराठी मोडी कागदांवर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस खमसैन मया व अलफ’, म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार, मिळून ११५५. अरबी शब्द दिसले की नवा अभ्यासक तो हिजरी सन समजतो. तो शुहूर सन असतो, ज्याला कागदांत सुरुसन म्हणतात. हा सन चौदाव्या शतकात दक्षिणेत हिजरी ७४५ च्या आकड्यावरूनच सुरू झाला, पण वर्ष धरलं सूर्याचं. मृग लागला की नवं साल, म्हणून मृगसालही म्हणतात. शेतसारा पिकावर घ्यायचा, आणि पीक चंद्राच्या मागे फिरत नाही, म्हणून ही सोय. दोन्ही सन एका आकड्यावरून निघाले, पण एक दर वर्षी अकरा दिवस पुढे पळत गेला. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा शुहूर सन १०७५ होता आणि हिजरी १०८५. तीनशे तीस वर्षांत दहाचा फरक, दर तेहतीस वर्षांना एक.

समजा, पहिल्या रघुजींच्या काळातला एक कागद तुमच्यासमोर आहे. सन ११५५, आणि खाली ‘छ ३ जमादिलावल’. छ म्हणजे चंद्र, म्हणजे चंद्राची तारीख. इथे घोटाळा असा की सन सूर्याचा असतो, पण महिना आणि दिवस खरोखरच हिजरी असतात. हिजरी ११५५ धरलंत तर सूत्रातून १७४२ चा मार्च येतो आणि जमादिलावल पडतो जुलै १७४२ मध्ये. ते रघुजींचे दिवाण भास्करपंत यांच्या बंगाल स्वारीचं वर्ष. त्यामुळे कागद लगेच त्या स्वारीच्या बासनात जाऊन बसतो. शुहूर म्हणून वाचलंत तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११५५ चं साल मग १७५४ च्या मृगापासून १७५५ च्या मृगापर्यंत. या बारा महिन्यांत जमादिलावल एकदाच येतो, फेब्रुवारी १७५५ च्या मध्याला. ज्या फेब्रुवारीत रघुजी गेले, तोच महिना. तेरा वर्षांचं अंतर आहे. बंगालची पहिली स्वारी आणि रघुजींचा अखेरचा महिना एकाच तारखेखाली येऊ शकतात.

कोणतं वाचन खरं हे कागदच सांगतो. मजकूर नीट वाचा. गहू-हरभऱ्याच्या काढणीचा उल्लेख असेल, वसुलीची घाई असेल, तर तो फेब्रुवारी. पेरण्या, नदीला पूर, वाटा बंद, असं असेल तर जुलै. मी आता वहीत तारीख उतरवताना आधी मूळ शब्द जसेच्या तसे लिहितो. मग हिजरी की शुहूर ते लिहितो आणि मजकुरात ऋतूची जी खूण सापडेल ती शेजारी टिपतो. इसवी साल सगळ्यात शेवटी, आणि तेही पेन्सिलीनं.