उचकी लागली म्हणून दादाने गम फेकला

नमस्कार मंडळी, आज सिगारेट सोडायच्या गमबद्दल बोलूया, म्हणजे निकोटीनच्या गमबद्दल. आधी माझ्या दादाचं ऐका.

दादा डोळे उघडले की पहिली सिगारेट पेटवायचा, दात घासायच्याही आधी. सोडायचं ठरवलं आणि गम आणला, 2 मिलीग्रॅमचा, कमी तेवढं बरं म्हणून. कॉफी पीत पीत साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला, थोड्याच वेळात उचक्या सुरू, पोटात जळजळ, आणि तलफ मात्र तश्शीच. "फार स्ट्राँग आहे गं हे" म्हणत त्याने पाकीट फेकलं. मी ते उचलून नीट वाचलं, तर झालं होतं बरोबर उलटं, त्याला निकोटीन कमी पडत होतं.

कसं ते सांगते. गममधलं निकोटीन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जातं. भरभर चावलं की ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथून लिव्हरमध्ये गेलं की त्यातल्या बऱ्याचशा निकोटीनचा असर संपतो, म्हणून उचकी लागते पण तलफ भागत नाही. आणि कॉफी, ज्यूस, कोला आंबट असतात, त्यामुळे तोंडातून ते नीट शोषलंच जात नाही, म्हणून 15 मिनिटं आधीपासून काही खायचं प्यायचं नाही, गम तोंडात असतानाही नाही.

मग दादाने परत सुरू केलं. उठल्यावर 30 मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर 4 मिलीग्रॅम, नंतर लागत असेल तर 2. हे परत सांगते, 30 मिनिटांच्या आत असेल तर 4. गम हळू चावायचा, तोंडात चुरचुरलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा दोनचार वेळा चावायचा, असं अर्धा तास. पहिले 6 आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी करायचं. दिवसाची मर्यादा बऱ्याच पाकिटांवर 24 असते, काहींवर कमी, आपल्या पाकिटावर असेल तीच धरायची. (हे औषध साध्या डबीत काढून ठेवणं मला अजिबात आवडत नाही, आकडे पाकिटावरच राहतात आणि मुलांना गोळी वाटते, त्यांच्यासाठी ते विषच.)

गमऐवजी निकोटीनची चोखायची गोळी, म्हणजे लॉझेंज घेतली, तर ती चावायची नाही, गिळायची नाही, विरघळू द्यायची, साधारण 6 तासांत 5 आणि दिवसात 20 च्या वर नाही.

आणि पाकिटावर व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपियॉन लिहिलं असेल तर त्यात निकोटीन नसतंच, ती डॉक्टरांनी लिहून दिलेली गिळायची गोळी. फिट येत असेल त्याने ब्युप्रोपियॉन घ्यायचीच नाही, फिट असेल तर नाहीच.

दादाची उचकी दुसऱ्याच दिवशी थांबली, गम गालात ठेवून तो शांत पेपर वाचत बसला होता.