एप्रिल आधी, जानेवारी नंतर

मंडळी, आज मी आकडे एकच घेणार आहे आणि त्यांचा आलेख तीनदा काढणार आहे. आकडे मुद्दाम इतके सोपे ठेवलेत की कागद-पेन्सिल लागणार नाही. जानेवारीत दहा, फेब्रुवारीत वीस, मार्चमध्ये तीस, असं दर महिन्याला दहाने वाढत डिसेंबरला एकशे वीस. आलेख काढला तर डावीकडून उजवीकडे चढत जाणारी सरळ रेघ. त्यात समजून घेण्यासारखं काहीच नाही.

आता हीच माहिती अशा तक्त्यात आहे असं धरा, जिथे महिन्याच्या रकान्यात तारीख नाही, नुसतं इंग्रजी नाव लिहिलेलं आहे. संगणकाच्या लेखी ते नाव म्हणजे अक्षरांची माळ. फेब्रुवारी जानेवारीनंतर येतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. गट पाडताना त्याला कुठला तरी क्रम लावायचा असतो, म्हणून तो शब्दकोशाचा क्रम लावतो. एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी, जानेवारी, जुलै, जून, मार्च, मे, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. पूर्ण स्पेलिंग घ्या नाहीतर तीन अक्षरी संक्षेप, क्रम हाच येतो.

या क्रमाने आपले आकडे वाचा: ४०, ८०, १२०, २०, १०, ७०, ६०, ३०, ५०, ११०, १००, ९०. सरळ रेघ गेली. आता दिसतंय ते असं: सुरुवातीला जोरदार चढ, मग कडेलोट, मध्ये थोडी चढउतार, पुन्हा उसळी, आणि शेवटच्या तीन बिंदूंत सलग घसरण. बैठकीत कोणी तरी विचारणारच, "शेवटी घसरतंय का?" आणि कोणी तरी त्याचं कारणही देणार. प्रत्यक्षात वर्षभरात एकदाही घसरण झालेली नाही.

मला या क्रमातली एक गोष्ट फार गमतीची वाटते. बारापैकी एकही महिना आपल्या जागेवर राहत नाही. चौथा पहिल्या जागी, आठवा दुसऱ्या, बारावा तिसऱ्या, असं शेवटपर्यंत. आणि एका महिन्यानंतर त्याचाच पुढचा महिना आलाय, असं एकदाही घडत नाही. शेजारशेजारचे महिने चार ठिकाणी भेटतात खरे, पण चारही वेळा उलटे: फेब्रुवारीनंतर जानेवारी, जुलैनंतर जून, नोव्हेंबरनंतर ऑक्टोबर, ऑक्टोबरनंतर सप्टेंबर. म्हणजे वाढती माहिती असेल तर या चारही ठिकाणी उतार दिसणारच. पत्ते पिसले तरी एखादं पान जागेवर सापडतं. इथे तेही नाही.

आता तिसरा आलेख. आकडे तेच, पण महिन्यांची नावं मराठीत लिहिलेली. देवनागरीत स्वर आधी, मग व्यंजनं. म्हणून एप्रिल इथेही पहिलाच. त्यानंतर ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून, डिसेंबर, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मार्च, मे आणि शेवटी सप्टेंबर. आकडे होतात ४०, १००, ८०, १०, ७०, ६०, १२०, ११०, २०, ३०, ५०, ९०. शेवटचे चार बिंदू पाहा: वीस, तीस, पन्नास, नव्वद. घसरण कुठे गेली? आता तर वेग घेत वर जाणारी रेघ दिसतेय. एकच माहिती, इंग्रजी नावं दिली तर शेवटी मंदी, मराठी दिली तर तेजी! या दोषाला मी निव्वळ मांडणीतली चूक मानत नाही ते यासाठी. तो आलेखात न घडलेली गोष्ट घुसवतो, आणि ती गोष्ट लिपीवर ठरते.

हा दोष डोळ्यांना लगेच खुपत कसा नाही? रेघेचा आलेख असेल तर निदान दातेरी आकारामुळे शंका येते. स्तंभालेखात तीही येत नाही, कारण कमीजास्त उंचीचे स्तंभ शेजारी उभे असणं अगदी नेहमीचं. शिवाय जिथे आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरतात तिथे पहिलं नाव एप्रिल दिसलं की वाचणारा निर्धास्त होतो. म्हणून पहिल्या नावावर थांबू नका, दुसरं पाहा. एप्रिलनंतर मे नसेल तर आलेख तिथेच बाजूला ठेवा. जागा कमी म्हणून अक्षावर मोजकीच नावं छापली असतील तर मात्र मागचा तक्ताच उघडावा लागतो.

क्रम नेमका कुणी बिघडवला हेही शोधायला हवं, कारण तो गुन्हेगार दर वेळी आलेख काढणारं साधन नसतो. पायथनमध्ये matplotlib ला शब्द दिले तर ते आले त्या क्रमाने मांडतं. वर्णानुक्रम त्याआधीच pandas च्या groupby ने लावलेला असतो, कारण तो गटांची नावं आपोआप क्रमाने लावतो. आर भाषेत ggplot2 स्वतःच शब्द वर्णानुक्रमे लावतं. तिथे तक्ता आधी कितीही नीट रचून दिला तरी उपयोग होत नाही, आणि नवशिके यावर तासन्‌तास घालवतात. एक्सेलच्या पिव्होट तक्त्याला मात्र इंग्रजी महिन्यांची यादी आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत चालतं आणि साधन बदललं की घोळ होतो.

उपाय म्हणून बहुतेक जण क्रम सांगून टाकतात:

```python
m = ["Jan","Feb","Mar","Apr","May","Jun",
     "Jul","Aug","Sep","Oct","Nov","Dec"]
df["month"] = pd.Categorical(df["month"],
                             categories=m, ordered=True)
```

हे चालतं, पण यात एक चोरखड्डा आहे. माहितीत कुठे Sept असं चार अक्षरी लिहिलेलं असेल, किंवा Mar च्या पुढे एखादी मोकळी जागा राहिली असेल, तर ते यादीत सापडत नाही आणि तिथे मुकाट्याने रिकामी किंमत बसते. pandas च्या बऱ्याच आवृत्त्यांत सूचनाही येत नाही. पुढे गट पाडताना त्या ओळी गळतात. आलेखाचा क्रम बरोबर आणि बेरीज चूक, ही अवस्था मला आधीच्यापेक्षा वाईट वाटते, कारण आता संशय यायलाही जागा नाही. क्रम लावण्यापूर्वीची आणि गट पाडल्यानंतरची एकूण बेरीज जुळवून पाहिली की हे लगेच उघडं पडतं.

नावांऐवजी महिन्याचा क्रमांक लिहावा, असंही सुचवलं जातं. क्रमांक मजकूर म्हणून साठवला असेल तर १ नंतर १०, ११, १२ आणि मग २ येतो. रोग तोच.

मुळात तारीख फेकून नाव ठेवलं तिथेच घोळ सुरू होतो. मूळ नोंदीत पूर्ण तारीख असते. कोणी तरी वाचायला बरं म्हणून तिचं नाव करतं आणि मग त्या नावावर गट पाडतं. नोंदी दोन वर्षांच्या असतील तर दोन्ही जानेवारी एकाच स्तंभात मिसळतात, आणि वरची यादी कितीही काटेकोर असली तरी ते दुरुस्त होत नाही. म्हणून गट तारखेवर पाडावा, df["date"].dt.to_period("M") असा, आणि नाव फक्त अक्षावर छापताना द्यावं. मजकूरच ठेवणं भाग असेल तर 2024-01 या रूपात ठेवावा: आधी वर्ष, मग दोन अंकी महिना. अशा मजकुराला वर्णानुक्रम लावला तरी तो कालक्रमच निघतो.