पोस्टरवरची रिकामी ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

सर्पदंशावरचं एक पोस्टर तुम्ही पाहिलंच असेल. वर फणा काढलेला मोठा नाग, खाली 'हे करा' आणि 'हे करू नका' असे दोन रकाने, आणि तळाला एक ओळ: 'रुग्णाला ताबडतोब जवळच्या दवाखान्यात न्या.' माझी नोकरीची बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळ्या करण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की माणसं दगावतात ती बहुतेक वेळा या तळाच्या ओळीवर. जवळचा म्हणजे कोणता? तिथे रात्री दोन वाजता दार कोण उघडणार? लस आहे का? हे पोस्टर सांगत नाही, आणि छापणाऱ्याला ते सांगताही येणार नाही. ती ओळ ज्याच्या त्याने आपल्या घरात भरायची असते.

आज एका मण्यारीची गोष्ट सांगतो. आपल्याकडे माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणस किंवा फुरसे चावलं तर कळतं. आग होते, सूज चढते, घरभर ओरडा होतो. मण्यारीचं तसं नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि तिचे दात इतके बारीक, की बऱ्याचदा खूण सापडतच नाही.

पस्तिशीतली एक बाई जमिनीवर झोपलेली आहे. रात्री दोनच्या सुमाराला दंडाला काहीतरी टोचल्यासारखं वाटून जाग येते. मुंगी असेल म्हणून ती हात झटकते आणि पुन्हा झोपते. चारला पोटात मुरडा येतो, एक उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पाचला ती म्हणते, डोळे उघडत नाहीत. झोप पूर्ण झाली नाही, पड जरा, असं तिला सांगतात. साडेपाचला बोलणं नाकातून यायला लागतं, थुंकी गिळता येत नाही, ती ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते. आता घरचे घाबरतात, पण सापाचं नाव अजून कुणाच्या तोंडी नाही. कुणी म्हणतं लकवा, कुणी म्हणतं बाहेरची बाधा. साडेतीन तास असेच गेलेले असतात.

म्हणून माझ्या पोस्टरवर पहिली ओळ ही असेल: रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी किंवा उलटी, आणि त्याबरोबर पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, गिळता न येणं, असं दिसलं तर साप चावलाय असं समजा. खूण शोधत बसू नका. शंका आली तर रुग्णाला मान न हलवता वर बघायला सांगा. पापण्या वर जात नसतील तर मण्यारीचं किंवा नागाचं विष नसांवर चढलंय असं धरा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. मघाशी वीसपर्यंत जात होता आणि आता दहावर अडला, तर श्वासाचे स्नायू थकायला लागलेत.

आता घरात काय करायचं. फार थोडं. रुग्णाला चालू द्यायचं नाही. विष बरंचसं त्वचेखालच्या रसवाहिन्यांतून पुढे सरकतं, आणि स्नायू हलले की त्या पिळल्या जाऊन ते वेगाने पुढे जातं. म्हणून हाड मोडल्यावर बांधतो तसा चावलेला हात किंवा पाय स्थिर करायचा. दोन बाजूंना दोन सरळ काठ्या किंवा फळ्या, त्यावर जुन्या साडीच्या पट्ट्या. पट्टीखाली बोट सहज शिरलं पाहिजे, कारण इथे हालचाल थांबवायची आहे, रक्त नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत. सूज असेल तर तिच्या कडेवर पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहा. पुढे डॉक्टरांना ही रेघ फार उपयोगी पडते. चावल्याची वेळही लिहा, नाहीतर गाडीत बसेपर्यंत तिच्याबद्दल तीन मतं होतात.

'करू नका'च्या रकान्यात पोस्टरवाले दहा गोष्टी लिहितात. चिरा देऊ नका, तोंडाने विष ओढू नका, बर्फ लावू नका, पाला चोळू नका, दारू पाजू नका. सगळं खरं. पण मी वेळ देईन तो एकाच गोष्टीला: दोरीने आवळून बांधणं. हा मोह शिकल्यासवरलेल्यांनाही आवरत नाही. काथ्या, नाडी, बुटाची लेस, हाताला येईल त्याने बांधतात. घोणशीचं विष मांसच कुजवतं. दोरी बांधली की ते एका जागी साठतं, वर खालच्या भागाचा रक्तपुरवठाही तुटतो. माणूस वाचला तरी पाय जातो. आणि बांधूनच आणलं असेल तर? तेव्हा घरी किंवा वाटेत झटकन सोडू नका. सोडल्याबरोबर अडलेलं विष एकदम अंगात पसरतं. रुग्णालयात सलाईन लावून, लस हाताशी ठेवून डॉक्टर ते सोडतात.

साप मारून आणण्याच्याही मागे लागू नका. त्यात वेळ जातो, आणि कधीकधी दुसरा माणूस चावून घेतो. हल्ली काही जण जखमेत दोन दात उमटलेत की चार हे मोजून विषारी-बिनविषारी ठरवतात. त्यावर अजिबात विसंबू नका. पोस्टरवर सापांची मोठी रंगीत चित्रं नकोत असं माझं मत आहे, कारण चित्रं दिसली की माणसं चित्रांशी जुळवत बसतात. आपल्याकडची लस चारही सापांवर एकच असते, आणि डॉक्टर ती लक्षणं पाहून देतात.

आता त्या रिकाम्या ओळीकडे येऊ.

त्या बाईला जीपमध्ये घातलं. जायचं कुठे? दोन रस्ते आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहे, मोठं रुग्णालय दीड तासावर. घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, थेट मोठ्याला नेऊ. बरोबर काय, ते त्या केंद्रात काय आहे यावर ठरतं, आणि ते साडेपाच वाजता जीपमध्ये बसून कळत नाही. म्हणून पावसाळ्याआधी एखाद्या दुपारी तिथे जाऊन चार प्रश्न विचारून या. सापाची लस आहे का, आणि किती? सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 कुप्या लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने मुलाला विष कमी सोडलेलं नसतं. दोन कुप्या कपाटात असणं म्हणजे लस असणं नव्हे. दुसरा प्रश्न, रात्री डॉक्टर असतात का? लसीची उलटी प्रतिक्रिया येऊ शकते, अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो, म्हणून ती डॉक्टरसमोरच द्यायची असते. घरी आणून टोचायची ती वस्तू नाही. तिसरा, ऑक्सिजन आणि श्वास देण्याची हातपिशवी आहे का? चौथा, तुम्ही पुढे कुठे पाठवता, आणि तिथे व्हेंटिलेटर आहे का?

पहिल्या तिन्हींना 'हो' आलं, तर आधी तिथेच थांबायचं. तिथे लस सुरू करायची, श्वास सांभाळायचा, आणि मग पुढे. दीड तासाच्या रस्त्यात श्वास थांबला तर गाडीतला शिकलेला मुलगा काही करू शकत नाही. 'नाही' आलं, तर त्या केंद्राचं नाव पोस्टरवर लिहूच नका, त्यापुढचं जे ठिकाण असेल ते लिहा. डॉक्टरांची बदली होते, साठा संपतो, म्हणून हे दरवर्षी नव्याने विचारायचं. शेजारी गाडीसाठी 108 लिहा, आणि तिच्याखाली रात्री उठून येईल अशा दोन गाडीवाल्यांचे नंबर. गाडी नसेल आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल तर मोटरसायकल चालते, रुग्ण मध्ये, मागे घट्ट धरून बसणारा तिसरा. नेपाळच्या तराईत तरुणांनी अशा मोटरसायकलींवर सापाचे रुग्ण वेळेत पोचवून खूप जीव वाचवले. गुंगी किंवा उलट्या असतील तर मात्र मोटरसायकल नको, कुशीवर झोपवून न्या, म्हणजे लाळ नि उलटी श्वासनलिकेत जात नाही. पाणी, चहा, गोळी काही देऊ नका. गिळता न येणाऱ्याला पाणी पाजणं म्हणजे ते फुप्फुसात ओतणं.

आपल्या गोष्टीतल्या बाईचं पुढे असं होतं. केंद्रावर लस सुरू होते. मण्यारीच्या बाबतीत एक अडचण आहे. विष एकदा नसांच्या टोकांना बसलं, की लस ते झालेलं नुकसान परत आणत नाही, फक्त अजून फिरत असलेलं विष अडवते. म्हणून तास उशिरा पोचलेल्याला लस देऊनही श्वास थांबू शकतो. तिचा थांबतो. परिचारिका हातपिशवी दाबत तिच्याबरोबर रुग्णवाहिकेतून मोठ्या रुग्णालयापर्यंत जाते, तिथे व्हेंटिलेटर लावतात. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत. दाराशी नातेवाईक कुजबुजतात, गेलीच आहे, उगाच ठेवलंय. ती हे सगळं ऐकत असते. मण्यारीच्या विषाने स्नायू झोपतात, मेंदू जागा असतो. काही दिवसांनी आधी पापणी हलते, मग बोटं, आणि ती चालत घरी जाते. असा रुग्ण घरी न्यायची घाई करू नका, आणि त्याच्या उशाशी जपून बोला.

काहीच लक्षण नसलेल्यालाही निदान 24 तास रुग्णालयात ठेवतात, त्यावर भांडू नका. एक साधी तपासणी तिथे बघायला मिळेल: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने गोठण्याची शक्ती संपवली आहे. ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. मण्यारीला मात्र ती नीटच येते, म्हणून तिथे पापण्यांवर नजर ठेवतात.

पोस्टर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावून भागत नाही. ते घरात, झोपायच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला हवं. जाता जाता एक: खाटेवर झोपणाऱ्याला, किंवा मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणाऱ्याला मण्यार सहसा चावत नाही.

आज रात्री एवढं करून बघा. त्या ओळीत ठिकाणाचं नाव आणि नंबर जाड अक्षरात लिहा. दिवे घालवा, आणि घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या मुलाला मोबाइलच्या उजेडात तो नंबर मोठ्याने वाचायला सांगा. अडखळला, तर अक्षर मोठं करा.

नमस्कार.