शोकेसमधला टीव्ही आणि समोरची खिडकी

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यान, थोडे संपादन करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'टीव्ही कुठे ठेवावा'. दोन गोष्टी सांगायचं मी कबूल केलंय. खिडकीचा उजेड पडद्यावर येऊ नये म्हणून काय करायचं ही एक, आणि शोकेसमध्ये टीव्ही ठेवला तर हवेसाठी किती जागा सोडायची ही दुसरी. लोक याला दोन वेगळे प्रश्न समजतात. अडतीस वर्षं टीव्ही दुरुस्त केल्यावर माझी खात्री पटलीय की हा एकच आजार आहे. खिडकी चुकीच्या जागी असते म्हणून माणूस टीव्हीचा उजेड वाढवतो. उजेड वाढवला की टीव्ही तापतो. आणि तापलेल्या टीव्हीला शोकेस श्वास घेऊ देत नाही. एका घरात हे सगळं मला पायरीपायरीने दिसलं, तेच आधी सांगतो.

पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. घरी काका-काकू दोघंच. हॉल दहा फूट बाय सोळा फूट. सोळा फुटांच्या एका टोकाला पश्चिमेची बाल्कनी, तिला सहा फुटी सरकता काचेचा दरवाजा. दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाल्कनीच्या बरोबर समोर, सुताराकडून खास करून घेतलेली शोकेस. सागाची पट्टी, बाकी प्लाय आणि सनमायका, काम अतिशय सुबक. मधल्या कप्प्यात ४३ इंची टीव्ही. सुताराने टीव्हीचं माप घेतलं आणि दोन्ही बाजूंना, वर, फक्त दोन-दोन सेंटीमीटर सोडले. मागे प्लाय ठोकून बंद. वायरीसाठी रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं एक गोल भोक. आणि रस्त्याची धूळ येते म्हणून पुढे काचेची सरकती दारं. टीव्ही लावताना ती सरकवायची, पण दारं दोनच, त्यामुळे कुठलंही सरकवलं तरी अर्धी काच टीव्हीपुढे राहणारच.

त्या सुताराला मी दोष देत नाही. त्याला भांड्यांचं कपाट करायची सवय, आणि भांडं तापत नाही. पण तुम्ही टीव्हीच्या पाठीवरून हात फिरवून बघा. खाली जाळीसारख्या फटी असतात, वरही असतात. टीव्हीत पंखा नसतो. खालच्या फटींतून गार हवा आत जाते, आतल्या पाट्यांवरून तापून हलकी होते आणि वरच्या फटींतून बाहेर पडते. चुलीच्या धुराड्यासारखंच. वर दोन सेंटीमीटरवर फळी असली की ती तापलेली हवा फळीला आपटून मागून पुन्हा खाली येते आणि टीव्ही तीच हवा परत आत ओढतो. एवढ्या मापाचा टीव्ही चांगल्या उजेडावर साधारण शंभर वॉट खातो असं धरा. आपल्या लहानपणीचा शंभराचा पिवळा बल्ब आठवतोय ना? तो कपाटात लावून चार तास दार लोटून ठेवाल का तुम्ही?

(श्रोत्यांतून: आम्ही त्याखाली कोंबडीची पिल्लं ठेवायचो!)

बरोबर! पिल्लांना ऊब हवी असते म्हणूनच ठेवायचो. टीव्हीला ती नको असते.

तर काकांचा टीव्ही चौदा महिन्यांनी दुकानात आला. आवाज येतोय, चित्र नाही. अशा वेळी आम्ही खोली काळोखी करून पडद्याला अगदी जवळून टॉर्च लावतो. टॉर्चच्या उजेडात बातम्या सांगणारी बाई अंधुक दिसली. म्हणजे चित्र तयार होतंय, मागचे दिवे गेलेत. एलईडी टीव्हीत पडद्यामागे छोट्या एलईडींच्या पट्ट्या असतात. बऱ्याच टीव्हींत ते दिवे जुन्या लग्नाच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की त्याच्याबरोबरचे सगळे विझतात. मी पट्ट्या बदलून दिल्या. आठ महिन्यांत तोच टीव्ही परत आला. या वेळी तो पूर्ण विझण्याआधी काही भाग निळा-जांभळा दिसत होता, असं काकू म्हणाल्या. ही मोठी खूण आहे. पांढऱ्या एलईडीवर पिवळा लेप असतो, तो उष्णतेने खराब झाला की खालचा निळा उजेड उघडा पडतो. तुमच्या घरी पांढरा शर्ट निळसर दिसायला लागला तर ते रंगाच्या सेटिंगमुळेच असेल असं धरून चालू नका.

दुसऱ्यांदा मी पट्ट्या बदलल्या, पण टीव्ही द्यायला स्वतः गेलो. मे महिना, संध्याकाळचे पाच. टीव्ही शोकेसमध्ये बसवून मागे सरकलो आणि टीव्हीत मला टीव्ही दिसेना, बाल्कनी दिसली! कुंड्या, वाळत घातलेला टॉवेल, समोरच्या इमारतीची चुन्याची भिंत, सगळं स्वच्छ. जुन्या पिक्चर ट्यूबची काच फुगीर होती, तिच्यात खिडकी बारीक होऊन एका कोपऱ्यात दिसायची. आताचा पडदा सपाट, म्हणजे सरळ आरसाच. त्यावर काकांनी पुढे काचेचं दार लावून दुसरा आरसा बसवलेला.

काका म्हणाले, "दिसत नाही ना संध्याकाळचं, म्हणून मी ब्राइटनेस शंभरावर ठेवलाय." चित्राचा मोडही 'व्हिव्हिड' केलेला. आता यात त्यांना किती फायदा झाला ते बघा. निट हे पडद्याच्या चमकेचं माप; साध्या टीव्हीचा उजेड अडीचशे-तीनशे निटचा असतो. उन्हातली पांढरी भिंत किंवा लख्ख आकाश हजारोंमध्ये असतं. पाच हजार धरा. चकचकीत पडदा त्यातला शंभरातला चार हिस्से जरी परत फेकतो म्हटलं, तरी दोनशे निट झाले. म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब चित्राच्या जवळपास तोलामोलाचं. उजेड शंभरावर नेला की चित्रातला पांढरा भाग जास्त चमकतो, पण काळोखातला प्रसंग तसाच पुसलेला राहतो, कारण चित्राच्या काळ्या भागावर आकाश बसलेलं असतं. फायदा अर्धाच, आणि दिव्यांमधून वीज मात्र जास्तीत जास्त, ती सगळी उष्णता बंद कपाटात. काही टीव्हींत सेन्सर असतो, तो खोलीचा उजेड बघून स्वतःच प्रकाश वाढवतो. तिथे तर माणसाने काही करायचीही गरज नाही.

मी खिशातला थर्मामीटर टीव्हीच्या वरच्या फटींजवळ ठेवला आणि आम्ही चहा घेतला. दोन तासांनी खोलीत ३४ अंश आणि कपाटात ४८! ही बाहेरच्या हवेची मापं; टीव्हीच्या आत त्याहूनही जास्त. आमच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब आहे: पॉवर सप्लायच्या पाटीवरचे कॅपॅसिटर दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पट्ट्यांपाठोपाठ त्यांचीही पाळी येणार होती.

टीव्ही दुसऱ्या भिंतीला न्या, असं मी सुचवलं. काकू नाही म्हणाल्या. उत्तरेच्या भिंतीवर सासू-सासऱ्यांचे फोटो आणि काकांची खुर्ची अशा जागी की दारात कोण आलं ते दिसावं. घर म्हटलं की या गोष्टी असणारच, त्यांच्यावर मेकॅनिकने हट्ट धरू नये. मग सुताराला बोलावलं. काचेची दारं काढली. टीव्हीच्या वरची फळी काढली, त्यामुळे वर वीतभर जागा झाली. मागच्या प्लायला खाली चार इंच आणि वर चार इंच अशा आडव्या पट्ट्या कापल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आख्खी शोकेस भिंतीपासून दोन इंच पुढे ओढली. हे लोक विसरतात. मागच्या प्लायला कितीही भोकं पाडा, ती भिंतीला चिकटलेली असतील तर हवा जाणार कुठे? टीव्हीला टेकून ठेवलेला सेटटॉप बॉक्सही खालच्या उघड्या कप्प्यात हलवला, कारण तो रिमोटने बंद केला तरी कोमट राहतो. बाल्कनीच्या दाराला जाड रोलर पडदा आला आणि ब्राइटनेस ४५ वर. पुन्हा मोजलं तेव्हा फटींजवळ ३८. दिव्यांच्या त्या पट्ट्या अजून चालू आहेत, याला चार वर्षं झाली.

(संयोजक वेळेची आठवण करून देतात.)

दहा मिनिटं? बरं. मग खिडकीचं जे मुख्य सांगायचं होतं ते भरभर सांगतो.

जागा ठरवताना टीव्ही आणायच्याही आधी भिंतीवर, टीव्हीच्या उंचीला, एक छोटा आरसा सपाट धरायला सांगा आणि आपण आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसा. आरसा टीव्हीच्या मापाइतका डावीकडे-उजवीकडे, वर-खाली सरकवत न्या. खिडकी कुठेही दिसली तर टीव्हीतही दिसणार. टीव्ही आधीच असेल तर तो बंद करून काळ्या पडद्यात बघा. खिडकी समोरच्या भिंतीत असणं वाईट. टीव्हीच्या मागे असणंही वाईट, कारण प्रतिबिंब नसलं तरी डोळा खिडकीच्या उजेडाला सरावतो आणि चित्र काळपट वाटतं; मग पुन्हा हात ब्राइटनेसकडे जातो. खिडकी बाजूच्या भिंतीत असावी, आणि टीव्ही तिच्यापासून शक्य तितका आत.

ही तपासणी एकदा करून चालत नाही. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. मे महिन्यात दुपारी तो डोक्यावर असतो आणि मावळतो पश्चिमेच्या बऱ्यापैकी उत्तरेला. दिवाळीत निवडलेली जागा मे महिन्यात फसू शकते.

ट्यूबलाइट दिसत असेल तर कलणारा ब्रॅकेट घ्या. पडदा पाच अंश खाली झुकवला की प्रतिबिंब दहा अंश सरकतं, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. समोरच्या मोठ्या खिडकीला मात्र तो उपाय पुरत नाही, तिथे पडदाच हवा. नेटचा पडदा उन्हात स्वतःच पांढरा चमकतो, म्हणून पश्चिमेला जाड कापड.

आणि जागेचं माप: अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत बाजूला आणि वर दहा सेंटीमीटर सांगितलेले असतात, काहींत वर त्याहून जास्त. तुमच्या पुस्तिकेत असेल ते पाळा. फटींतली धूळ महिन्याकाठी प्लग काढून मऊ ब्रशने झाडा, मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमध्ये काही वेळ वीज साठलेली असते.

शेवटी एक करू या. हा तुमच्या सभागृहाचा टीव्ही मघापासून बंद आहे आणि मी बोलताना त्यात मागच्या तीन खिडक्या बघतोय. वामकुक्षीची वेळ आहे, तरी मागच्या रांगेतल्या काकांनी जरा उठून मधल्या खिडकीचा पडदा ओढावा. हं. आता पुढच्या दोन रांगांतल्यांनी सांगा, पडद्यात काय उरलं? फक्त डावीकडची खिडकी? मग जाड पडदे दोनच शिवावे लागतील, तिसऱ्याचं कापड वाचलं.