‘मुळे’ आणि ‘नंतर’

नमस्कार श्रोतेहो. सांगलीत आमची खानावळ आहे, आणि गेली बावीस वर्षं गल्ल्यावर मीच बसते. आज मी एका पत्राविषयी बोलणार आहे. खानावळ, मेस किंवा केटरिंग चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पत्र कधी ना कधी लिहावं लागतं. तुमच्याकडे जेवून गेल्यावर पोट बिघडलं, असं कळवणाऱ्या ग्राहकाला उत्तर द्यायचं ते पत्र.

आमच्याकडे हा प्रसंग जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. पाऊस अजून यायचा होता, उकाडा मात्र भरपूर होता. सोमवारी सकाळी अकराला एका ताईंचा ईमेल आला. रविवारी दुपारी त्या, त्यांचे यजमान, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघं आमच्याकडे जेवले होते. संध्याकाळी यजमानांना आणि मुलाला उलट्या सुरू झाल्या. रात्री दोघांना दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. खर्च आला ३,४०० रुपये. ‘तुमच्या अन्नामुळे हे झालं आहे. उत्तर द्या, नाहीतर मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करणार आहे,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

माझ्या मुलाने लगेच मोबाइलवर उत्तर टाइप केलं. ‘आमच्याकडे इतक्या वर्षांत असं कधी झालेलं नाही, तुम्ही बाहेर दुसरं काहीतरी खाल्लं असेल.’ मी त्याला थांबवलं. माझे दीर म्हणाले, ‘वहिनी, माफी मागून पैसे देऊन टाका, विषय मिटेल.’ त्यांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: ‘आमच्या जेवणामुळे आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.’ मी त्यांनाही थांबवलं. त्या घटकेला ही दोन्ही वाक्यं खरी आहेत असं म्हणण्याजोगं आमच्या हातात काहीच नव्हतं.

दिरांच्या वाक्यात अडचण होती ती ‘मुळे’ या शब्दाची. ‘आमच्या जेवणामुळे’ असं लिहिलं, की कारण आपणच ठरवून मोकळे होतो, आणि ते पत्र पुढे कुठेही जाऊ शकतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. तिथे आपल्या सहीचं ते वाक्य कबुलीजबाब म्हणूनच वाचलं जाईल. आपण विमा उतरवलेला असेल, तर कंपनीला न विचारता जबाबदारी मान्य करायची नाही, अशी अट बहुतेक पॉलिसींमध्ये असते. ‘जेवणानंतर’ लिहिलं तर ते वाक्य कुठेही खरंच राहतं. ते जेवले, आणि नंतर त्रास झाला. यात ताईंना आपण खोटं पाडत नाही आणि स्वतःवर न ठरलेला दोषही घेत नाही.

पण शब्द निवडण्याच्या आधी स्वयंपाकघरात जावं लागतं. मी आधी ते बिल काढलं. बिलावर वेळ होती २ वाजून ३५ मिनिटांची. मग ऑर्डरची चिठ्ठी पाहिली. ताई आणि सासूबाईंनी भाकरीची थाळी घेतली होती. यजमानांनी आणि मुलाने जिरा राइस आणि डाळ मागवली होती. म्हणजे ज्या दोघांना त्रास झाला, त्या दोघांनीच जिरा राइस खाल्ला होता.

मी आचाऱ्याला बाजूला घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, भात कधीचा होता? आवाज चढवला असता तर ‘ताजाच होता’ एवढंच ऐकायला मिळालं असतं. तो म्हणाला, सकाळी साडेनऊला शिजवलेला. मोठ्या पातेल्यात झाकून ओट्याच्या कडेला ठेवला होता, आणि दोनच्या सुमाराला त्यातलाच काढून जिऱ्यावर परतला. म्हणजे भात साडेचार तास बाहेर होता.

भाताबद्दल इथे थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे सगळी काळजी मटणाची आणि दुधाची घेतात. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजवला तरी ते मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि त्या उबेत बीजाणू रुजून जिवाणू वाढतात. वाढताना ते एक विष सोडतात, आणि ते विष पुन्हा परतल्याने किंवा गरम केल्याने जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत उलट्या सुरू होतात आणि बहुतेकदा एका दिवसात थांबतात. म्हणून शिजलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम ठेवायचं, नाहीतर पसरट भांड्यात लवकर निववून ५ अंशांच्या खाली फ्रिजमध्ये ठेवायचं. मधल्या तापमानात ते पडून राहता कामा नये.

मग मी तापमानाचं रजिस्टर उघडलं. रविवारी भाताचा रकाना कोरा होता. मुलगा म्हणाला, ‘आई, भरून टाकू का?’ मी वही मिटून कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्याकडे घेतली. जे लिहिलेलं नाही ते मागाहून लिहिणं हा खोटेपणा आहे, आणि तपासात तो सापडला तर आपल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. बिल, चिठ्ठी, तांदळाच्या पोत्याचं लेबल, त्या दिवशी कामावर कोण होतं त्याची यादी, सगळं मी एका पाकिटात घातलं. भात मात्र एक घासही उरला नव्हता. तपासायला नमुनाच नव्हता.

आता विचार करा. मला मनातून भाताचाच संशय होता. तो पत्रात लिहायचा का? मी लिहिला नाही. संशय म्हणजे निदान नव्हे, आणि रोगाचं नाव सांगणं हे आपलं काम नव्हे. पण त्याच्या उलटही मी लिहिलं नाही. ‘आमच्याकडे सर्व नियम काटेकोर पाळले जातात’ हे वाक्य अशा पत्रांत सवयीने येतं. त्या रविवारी ते खोटं होतं, म्हणून आमच्या पत्रात ते नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी जे पत्र पाठवलं ते वाचून दाखवते.

‘सप्रेम नमस्कार. आपले पत्र आज सकाळी ११ वाजता मिळाले. रविवारी आमच्याकडे जेवल्यानंतर आपले यजमान व मुलगा आजारी पडले, हे वाचून फार वाईट वाटले. दोघांची प्रकृती आता सुधारत असेल अशी आशा आहे.

आमच्या नोंदीनुसार आपल्या टेबलाचे बिल दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी झाले. त्यात दोन भाकरी थाळ्या, दोन जिरा राइस व डाळ असे पदार्थ आहेत. त्या दुपारी आमच्याकडे ११२ जण जेवले. हे पत्र लिहीपर्यंत अशी दुसरी तक्रार आमच्यापर्यंत आलेली नाही. मात्र तेवढ्यावरून आम्ही कोणताही निष्कर्ष काढत नाही. पदार्थ कसे बनवले व कसे ठेवले गेले याची तपासणी आम्ही सुरू केली आहे आणि त्या दिवसाच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. त्रासाचे कारण काय, हे आज आम्ही सांगू शकत नाही.

आपली हरकत नसल्यास पुढील माहिती कळवावी: कोणी काय खाल्ले, प्रत्येकाला पहिला त्रास किती वाजता झाला, आणि आदल्या दोन दिवसांत दोघांनी आणखी कुठे व काय खाल्ले. डॉक्टरांनी काही तपासणी केली असल्यास ते सांगणे सर्वस्वी आपल्या इच्छेवर आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचा आपला हक्क आहे. अधिकारी आल्यास आम्ही सर्व नोंदी दाखवू. येत्या सोमवारपर्यंत मी आपल्याला पुन्हा लिहीन. हे पत्र आमचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून लिहिले आहे.’

खाली माझं नाव, सही, परवाना क्रमांक आणि माझा स्वतःचा फोन नंबर.

यातल्या दोन गोष्टींवर घरात वाद झाला. पहिली, आदल्या दोन दिवसांचा प्रश्न. दिरांना वाटलं, यावरून आपण दोष त्यांच्यावर ढकलतोय असं दिसेल. पण हा प्रश्न खरोखर लागतो. साल्मोनेलाचा त्रास सुरू व्हायला सहा तासांपासून काही दिवस लागू शकतात, नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास. शेवटचं जेवण कुठे झालं तेच कारण, असं लोक धरून चालतात, आणि पुष्कळदा ते चुकतं. आमच्या बाबतीत मात्र त्याच प्रश्नाचं उत्तर आमच्या विरुद्ध जाऊ शकत होतं, आणि तरीही मी तो ठेवला. फक्त ‘आपली हरकत नसल्यास’ हे शब्द घातले. मूल आजारी असलेल्या आईला उलटतपासणी चालल्यासारखं वाटू नये, म्हणून.

दुसरी गोष्ट पैशांची. पहिल्या पत्रात मी पैशांचा विषयच काढला नाही. कारण कळण्याआधी पैसे पुढे केले, की तोंड बंद करायला देतोय असं समोरच्याला वाटतं. तक्रार मागे घेण्याच्या अटीवर पैसे देणं तर मला मुळीच मान्य नाही.

ताईंचं उत्तर मंगळवारी रात्री आलं. अवघ्या चार ओळी. यजमानांना साडेचारला, मुलाला पाचला उलटी झाली. बुधवारी सकाळी आमच्या वकिलांशी आणि विमा कंपनीशी बोलून मी दुसरं पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: त्या दिवशीचा भात सकाळी शिजवलेला होता, त्याच्या तापमानाची नोंद आमच्याकडे नाही, नमुना उरलेला नसल्यामुळे कारण निश्चित करता येत नाही. ‘मुळे’ आमच्या जेवणाला या पत्रातही जोडलं नाही, आणि वकिलांनी त्या तीन वाक्यांपैकी एकही काढायला सांगितलं नाही. दवाखान्याच्या पावत्या ताईंनी आपणहून जोडल्या होत्या. विमा कंपनीच्या संमतीने ३,४०० रुपयांचा चेक सोबत पाठवला आणि तो सदिच्छा म्हणून, हक्क अबाधित ठेवून देत असल्याचं लिहिलं. तक्रार करू नका, असं कुठेही म्हटलं नाही.

आता आमच्याकडे भात दुपारी दोन वेळा लागतो, एकदा अकराला आणि एकदा साडेबाराला, आणि पहिल्यातला उरला तर तो जिऱ्यावर जात नाही. प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना, झाकणावर तारीख आणि वेळ लिहून, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तीन दिवस राहतो. रजिस्टरमधला तो कोरा रकाना अजून कोराच आहे. त्याच्या शेजारी मी लाल शाईने एवढंच लिहिलं आहे, ‘नोंद घेतली गेली नाही’, आणि खाली सोमवारची तारीख घालून सही केली आहे.